मुळावरच्या गाठी : भाजीच्या मळ्यातील सूत्रकृमी, फेरपालट आणि खुंट



ज्या प्राण्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत तो आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण त्याची करणी मात्र भाजीपाला पिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहे. फक्त ती कोणाची, हे पुष्कळदा ओळखलेले नसते. टोमॅटोचा किंवा वांग्याचा मळा असतो. त्यात एखादा पट्टा खुजा राहतो. दुपारच्या उन्हात त्या पट्ट्यातली झाडे माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. पाने फिकट पिवळी पडतात. शेतकरी म्हणतो, पाणी कमी पडले. म्हणून पाणी वाढवतो. मग म्हणतो, खत कमी पडले. म्हणून युरिया टाकतो. झाड दोन्हींना दाद देत नाही. शेवटी कोणीतरी ते उपटून पाहतो, तेव्हा मूळ मुळासारखे नसतेच. जागोजाग फुगलेले, मणी ओवल्यासारखे, आणि रोग जुना असला तर आल्याच्या गड्ड्यासारखे वेडेवाकडे झालेले असते.

ही मुळावरच्या गाठींची व्याधी होय. ती करणाऱ्या किड्याला आपण सूत्रकृमी म्हणतो. डाळिंब आणि पेरू लावणाऱ्यांच्या तोंडी ‘निमॅटोड’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. सूत्रकृमींच्या जाती अगणित आहेत आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारक आहेत. आपले भांडण आहे ते ‘मेलॉयडोगायनी’ या एका कुळाशी. बर्कली नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १८५५ साली काचघरातल्या काकडीच्या मुळांवर या गाठी पाहून त्यांचे वर्णन छापले. आपल्याकडे १९०१ साली बार्बर यांनी दक्षिण हिंदुस्थानातील चहाच्या मुळांवर त्या नोंदल्या. तेव्हा ही व्याधी काही संकरित बियाण्यांबरोबर काल-परवा आलेली नाही. ती जुनीच आहे. आपण मात्र तिला पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक खाऊ घालू लागलो आहोत. ते कसे, हे पाहण्यापूर्वी गाठ होते कशी ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण उपायाची सगळी किल्ली तिथे आहे.

अंड्यातून जे पिल्लू बाहेर पडते ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचेही नसते, आणि इतके बारीक की मातीच्या दोन कणांमधल्या पाण्याच्या पापुद्र्यातून ते पोहत जाते. त्याच्या तोंडात एक पोकळ सुई असते. त्याच्याजवळ शिदोरी एवढीच, की अंगात साठवलेली थोडी चरबी. या चरबीवर ते काही आठवडे, फार तर काही महिने जगते. माती उष्ण आणि ओली असली तर ती लवकर संपते. त्या मुदतीत त्याला मूळ सापडले पाहिजे. मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग काढत ते मुळाच्या टोकाजवळ पोचते आणि टोकाच्या जरा मागे, जिथे मूळ कोवळे असते, तिथून आत शिरते.

यानंतरचा प्रवास मोठा विलक्षण आहे. आत शिरल्यावर पिल्लू सरळ मुळाच्या गाभ्याकडे वळत नाही, कारण गाभ्याभोवती पेशींची एक चिवट भिंत असते. म्हणून ते पेशींच्या सांध्यांमधून आधी खाली, टोकाकडे जाते, जिथे ही भिंत अजून उभी राहिलेली नसते. तिथे वळसा घालते आणि गाभ्यात शिरून वर येते. तिथे अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांच्या शेजारी बसून ते पाच-सात पेशी निवडते आणि त्यांत आळीपाळीने सुई खुपसून आपली लाळ सोडते. या लाळेने पेशीचा कारभारच बदलतो. एरवी पेशीचे केंद्रक दुभागते आणि मागोमाग पेशीही दुभागते. इथे केंद्रके दुभागत राहतात, पेशी मात्र दुभागत नाही. एका पेशीत पाच, पन्नास, कधी शंभर केंद्रके होतात आणि पेशी फुगून मूळच्या शेकडो पट मोठी होते. हिला आपण महापेशी म्हणू. झाडाने पानांत तयार केलेली साखर फळाकडे जायची, ती या महापेशींकडे ओढली जाते, आणि पिल्लू तिथे बसून ती पीत राहते. आजूबाजूच्या पेशीही वाढतात, त्यांचा फुगवटा बाहेरून दिसतो, तीच गाठ.

म्हणजे गाठ ही किड्याने बांधलेली नसते. झाडानेच, किड्याच्या सांगण्यावरून, स्वतःच्या अंगात बांधलेली ती पंगत असते. आणि त्या पंगतीवर बसलेल्या किड्याचे एक मर्म आहे. एकदा बसल्यावर त्याला उठता येत नाही. मादी फुगून पेरूच्या फळासारखी होते, हालचालीचे स्नायू तिला उरत नाहीत. महापेशी मेली, तर ती उपाशी मरते. हे एवढे लक्षात ठेवावे. खुंटाच्या गोष्टीत ते पुन्हा कामाला येणार आहे.

मादी आपल्या मागच्या टोकाकडून चिकट रसाच्या पिशवीत अंडी घालते. एका पिशवीत पाचशे ते हजार अंडी सापडू शकतात. आपल्याकडे उपद्रव देणाऱ्या मुख्य जातींत नराची गरजही लागत नाही. माती साधारण २७ अंशांवर असली, तर अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा फेरा महिन्याभरात पुरा होतो. थंडीत तो दोन महिन्यांपर्यंत लांबतो. आता थोडा हिशेब करू. एका मादीने चारशेच अंडी घातली आणि त्यांतली वीसांपैकी एकोणीस वाया गेली असे धरू. तरीही एका मादीमागे वीस माद्या उरतात. दुसऱ्या फेऱ्यात चारशे, तिसऱ्यात आठ हजार. ही सगळी वाढ टोमॅटोच्या एका हंगामात, तीन महिन्यांत! हा हिशेब कागदावरचा आहे, शेतात मुळेच संपल्यावर वाढ आपोआप थांबते. पण एकाच हंगामात निरोगी दिसणारे रान पुढल्या वर्षी नासते कसे, याचे उत्तर त्यात आहे. मागच्या पिकाने मातीत किती अंडी ठेवली, यावर पुढच्या पिकाचे दैव ठरते. नुकसानही नुसत्या उपासमारीचे नसते. गाठाळलेल्या मुळांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते, आणि मग झाड खुजे राहत नाही, वाळूनच जाते.

व्याधी ओळखताना एक घोटाळा नेहमी होतो, तो आधीच दूर करू. घेवडा, चवळी, भुईमूग यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या, चांगल्या गाठी. त्या मुळाच्या अंगाला बाहेरून चिकटलेल्या असतात. अंगठ्याने चोळल्या तर सुटून येतात, आणि चांगली गाठ फोडली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते. ती काढायची तर मूळ तोडावे लागते. झाड उपटताना मात्र हिसका देऊ नये. हिसक्याने गाठाळलेली बारीक मुळे मातीतच राहतात आणि हातात येते ते चांगले दिसणारे सोटमूळ. फावड्याने खणून, ढेकळासकट काढून, बादलीत बुडवून धुवावे.

लागवडीपूर्वी जमीन कशी आहे, हे पाहायचे असेल तर प्रयोगशाळेत माती पाठवता येते. तिथे चाळण्यांवर धुऊन पिल्ले मोजतात, आणि एका ग्रॅम मातीत एक-दोन पिल्ले निघाली तरी भाजीला धोका आहे असे समजतात. पण ज्याला प्रयोगशाळा जवळ नाही, त्याच्यासाठी कुंडीची परीक्षा आहे आणि ती आम्हाला फार आवडते. शेताच्या दहा-बारा ठिकाणांहून, वीतभर खोलीवरची, ओलसर माती घ्यावी, एकत्र कालवून चार-पाच कुंड्या भराव्यात. माती उन्हात वाळवू नये, नाहीतर परीक्षेआधीच परीक्षार्थी मरेल. प्रत्येकीत साध्या, प्रतिकारक नसलेल्या टोमॅटोचे एक निरोगी रोप लावावे. पाच आठवड्यांनी मुळे धुऊन गाठी मोजाव्यात. तज्ज्ञांनी यासाठी शून्य ते पाच असे गुण ठरवलेले आहेत : गाठ नाही तर शून्य, एक-दोन गाठींना एक, दहापर्यंत दोन, तीसपर्यंत तीन, शंभरपर्यंत चार आणि त्यापुढे पाच. तीनच्या वर गुण आले तर त्या रानात पुढले पीक साध्या टोमॅटो-वांग्याचे घेऊ नये. परीक्षेत एवढे कमी गुण बरे, असा हा एकच विषय असावा.

औषधांविषयी थोडक्यात बोलतो. एके काळी नेमागॉन हे या रोगावरचे रामबाण समजले जाई. १९७७ साली कॅलिफोर्नियात ते तयार करणाऱ्या कारखान्यातले मजूर वंध्य झाल्याचे उघडकीस आले आणि त्याचे दिवस संपले. पुढेही एकेक जहाल औषध मागे पडत गेले. आज नवी औषधे आहेत, बुरश्या आणि जिवाणूंची मिश्रणे आहेत, निंबोळी पेंडही आहे. ती सगळी मदतीला घ्यावीत. पण मुळे ज्या खोलीपर्यंत जातात तिथली सारी माती औषधाने भिजत नाही, आणि हंगामात जी थोडी पिल्ले वाचतात ती आत्ताच सांगितलेल्या हिशेबाने वाढतात. म्हणून पिढ्यांची साखळी तोडणारे दोनच उपाय आज विस्ताराने घेतो : फेरपालट आणि खुंट.

नारायणगावच्या बाजूचे एक बागाईतदार आमच्याकडे मुळांची पिशवी घेऊन आले होते. आम्ही म्हटले, “रावसाहेब, फेरपालट करा.” ते थोडे रागावलेच. म्हणाले, “साहेब, आम्ही दर हंगामाला पीक बदलतो. एकदा टोमॅटो, मग काकडी, मग भेंडी, मग वांगे. याहून अधिक काय बदलायचे?” बाजाराच्या दृष्टीने ही चार पिके खरीच. सूत्रकृमीच्या दृष्टीने हे एकच ताट आहे, फक्त वाटी बदललेली. टोमॅटो, वांगे, भेंडी, काकडी, कारले, दोडका, गाजर, घेवडा ही सगळी त्याच्या आवडीची. आपण पूर्वीपेक्षा त्याला अधिक खाऊ घालतो, असे जे सुरुवातीला म्हटले ते याच अर्थाने. विहिरीला बारमाही पाणी आले, ठिबक आले, हरितगृहे आली, आणि मधला जो बाजरी-ज्वारीचा किंवा नुसता पडीचा काळ होता तो नाहीसा झाला.

मग बदल कशाने करावा? पिल्लाच्या शिदोरीची मुदत आठवा. मुळे मिळाली नाहीत, किंवा मिळालेल्या मुळात महापेशी झाली नाही, तर ते मरते. तेव्हा फेरपालटाचे पीक ते, ज्याच्या मुळावर मादी अंड्यावर येत नाही. इथे जातीचा प्रश्न येतो. भाजीत सर्वांत जास्त आढळते ती ‘इन्कॉग्निटा’ ही जात. ती भुईमुगावर वाढत नाही, म्हणून तिच्यासाठी भुईमूग उत्तम. पण ‘अरेनारिया’ नावाची तिची बहीण भुईमुगावरच पोसते, आणि गुजरातेत ‘जावानिका’सुद्धा भुईमुगावर सापडलेली आहे. म्हणून पहिल्या वर्षी मातीबरोबर गाठाळलेली मुळेही तज्ज्ञाकडे पाठवून जात ठरवून घ्यावी. मादीच्या मागच्या टोकावरच्या रेघांच्या नक्षीवरून ती ओळखतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखाच हा प्रकार आहे.

मक्याविषयी विशेष सावध केले पाहिजे. पुष्कळजण मका घेतात, उपटून पाहतात, मुळावर गाठ दिसत नाही, म्हणून समाधान पावतात. पण इन्कॉग्निटा मक्याच्या मुळात वाढू शकते आणि गाठ मात्र नजरेत न येण्याइतकी बारीक राहते. गाठ नाही म्हणजे किडा नाही, असे नव्हे. हरभऱ्याचेही तसेच, ते कडधान्य म्हणून जमिनीला चांगले, पण सूत्रकृमीलाही चांगले.

झेंडूची गोष्ट निराळी. त्याच्या जिवंत मुळांत अशी द्रव्ये असतात की आत शिरलेले पिल्लू बहुधा मोठे होतच नाही. म्हणजे झेंडू नुसती उपासमार करत नाही, सापळ्यासारखे काम करतो. पण तो टोमॅटोच्या कडेने शोभेला चार ओळी लावून उपयोग नाही. सगळ्या रानात, दाट, निदान अडीच-तीन महिने तो उभा असला पाहिजे. आणि त्यात घोळ, माठ, लव्हाळा असले तण माजू देता कामा नये, कारण या तणांवर सूत्रकृमी सुखाने राहतो. वर झेंडू आणि खाली घोळ, असे रान म्हणजे दारावर पहारेकरी आणि मागच्या खिडकीतून शिदोरी! आपल्याकडे दसरा-दिवाळीला झेंडूला मागणी असते, हा मोठाच योगायोग. इतर देशांत शेतकऱ्याला हे पीक पदरमोड करून लावावे लागते. कोकणात भातामागून भाजी घेतात, तिथे दोन-तीन महिने साचलेले पाणी हेच काम करते. भाताचा स्वतःचा एक सूत्रकृमी आहे खरा, पण तो वेगळा.

त्या बागाईतदारांच्या वीस गुंठ्यांसाठी जो क्रम आखला तो सांगतो. जात इन्कॉग्निटा निघाली होती आणि कुंडीतल्या रोपांच्या मुळांना चार-पाच गुण होते. फेब्रुवारीत टोमॅटो संपताच झाडे मुळांसकट खणून काढली, बांधावर न टाकता वाळवून जाळली. पीक संपल्यावर मूळ रानातच ठेवले, तर त्यावरच्या अंड्यांच्या पिशव्याही तिथेच राहतात. हे एक काम फुकट आणि सर्वांत मोलाचे. एप्रिल-मेमध्ये पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा खोल नांगरट केली, म्हणजे दर वेळी नवी माती उन्हात येते. जूनअखेर सगळ्या रानात झेंडू. दिवाळीनंतर कांदा, कांद्यावर हा किडा थोडाफार वाढतो, पण टोमॅटोच्या मानाने फार कमी, आणि थंडीत त्याचा फेराही लांबतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नांगरट, खरिपात भुईमूग. आणि भुईमूग निघाल्यावर कुंडीची परीक्षा. मुळांवर गाठी आल्याच, पण थोड्या. बहुतेक रोपांना एक-दोन गुण.

इथे बागाईतदारांचा दुसरा प्रश्न आला आणि तो रास्त होता. “आता टोमॅटो लावायचा, की पुन्हा गाठी होईपर्यंत वाट पाहायची?” फेरपालटाने किडा कमी होतो, नाहीसा होत नाही. खालच्या थरात, तणांच्या मुळांत, पिशव्यांमधल्या उशिरा उबणाऱ्या अंड्यांत तो उरतोच. साधे टोमॅटो लावले, तर एका हंगामात वीस, चारशे, आठ हजार हा जप पुन्हा सुरू होतो. म्हणून भाजीकडे परत येताना पहिले पीक प्रतिकारक मुळाचे असावे.

टोमॅटोच्या प्रतिकारशक्तीची कथा ऐकण्यासारखी आहे. पेरू देशातल्या एका रानटी टोमॅटोच्या मुळांवर गाठी होत नाहीत, असे १९४० नंतर अमेरिकेत आढळले. पण लागवडीच्या टोमॅटोशी त्याचा संकर जमेना; फळ धरे, बी रुजेना. तेव्हा कॅलिफोर्नियात पॉल स्मिथ यांनी अपुऱ्या वाढलेल्या बीतला गर्भ काढून तो काचेच्या नळीत पोसला आणि १९४४ साली तसा संकर साधल्याचे प्रसिद्ध केले. त्या एका संकराच्या वंशातूनच पुढे ‘मी’ नावाचा प्रतिकारक जनुक जगभरच्या टोमॅटोंत पसरला. पाकिटावर व्ही., एफ., एन. अशी अक्षरे असतात, त्यातला ‘एन’ म्हणजे हाच. आपल्याकडचे ‘हिसार ललित’ हे टोमॅटोही सूत्रकृमी-प्रतिकारक म्हणूनच निवडलेले.

अशा मुळात पिल्लू शिरते, गाभ्यापर्यंत जाते, सुई खुपसते. आणि त्या जागेच्या पेशी दिवसाच्या आत-बाहेर स्वतःच मरून जातात. महापेशी होतच नाही. बसलेल्याला उठता येत नाही, आणि पानात काही वाढलेले नाही! म्हणून प्रतिकारक टोमॅटो स्वतः वाचतेच, शिवाय मातीतली पिल्ले आत ओढून संपवते. ती फेरपालटातली एक पाळीच समजावी.

मात्र या जनुकाला दोन मर्यादा आहेत. पहिली उन्हाची. मातीचे तपमान २८ अंशांच्या वर गेले की तो ढिला पडतो आणि गाठी होऊ लागतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेल्या टोमॅटोची माती एप्रिल-मेमध्ये ही मर्यादा सहज ओलांडते. मग शेतकरी म्हणतो, बियाणे खोटे निघाले. बियाणे खोटे नसते, हंगाम चुकलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागवड त्याला मानवते. दुसरी मर्यादा जातींची. थंड प्रदेशातली ‘हॅप्ला’ आणि अलीकडे पेरूच्या बागांतून धुमाकूळ घालणारी ‘एंटेरोलोबी’ यांना हा जनुक रोखत नाही. पेरूची रोपे ज्या शेतात आली, तिथे ही दुसरी बाई बरोबर आली असेल का, हे पाहूनच टोमॅटोचा विचार करावा. शिवाय एकाच रानात हेच मूळ सालोसाल लावले, तर त्यालाही पुरून उरणारी पिलावळ निवडून येते. म्हणून प्रतिकारक पिकालाही फेरपालट हवाच.

वांग्यात मात्र असा वाण हाताशी नाही, म्हणून कलम करावे लागते. आंब्याच्या कलमांना आपण सरावलो आहोत, आणि नाशिकच्या द्राक्षवाल्यांना डॉगरिजचा खुंट ठाऊकच आहे. भाजीचे कलम त्याच तत्त्वाचे. फक्त रोप काडीएवढे असते. वांग्यासाठी खुंट ‘सोलॅनम टोर्व्हम’ या रानवांग्याचा. हे काटेरी, पांढऱ्या फुलांचे झुडूप, त्याला वाटाण्याएवढ्या फळांचे घोस येतात. तमिळनाडूत ‘सुंडक्काय’ म्हणून त्याची भाजी करतात. टोमॅटोसाठी तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने ई. जी. २०३ हे वांगे खुंट म्हणून सुचवलेले आहे. ते जिवाणूजन्य मर रोगालाही टिकते. छत्तीसगडात कलमी वांग्या-टोमॅटोची रोपे रोपवाटिकांतून विकत मिळतात, आणि ती आता महाराष्ट्रातही येऊ लागली आहेत.

करून पाहायचे असेल तर पहिली अडचण बियांची. रानवांग्याचे बी आळशी. उगवायला दोन-तीन आठवडे आणि तेही मागे-पुढे. म्हणून ते वांग्याच्या बियांपेक्षा महिनाभर आधी पेरावे. दोन्ही रोपांची खोडे साधारण दोन मिलिमीटर जाडीची झाली की कलम करावे. खुंटाचे खोड बीजपत्रांच्या वर, नव्या पात्याने तिरपे कापावे. वांग्याचा शेंडा त्याच तिरपेपणाने कापून वर बसवावा आणि रबरी नळीच्या तुकड्याने किंवा चिमट्याने धरावे. जाडी जुळली नाही तर सांधा जुळत नाही. निम्मी कलमे जातात ती इथेच. मग आठवडाभर प्लॅस्टिकच्या बुटक्या मांडवात, सावलीत, हवा दमट ठेवून रोपे ठेवावीत. पाणी सांध्यावर साचू देऊ नये. पुढचा आठवडा मांडव थोडाथोडा उघडत न्यावा.

शेतात लावताना सांधा मातीच्या वर, दोन-तीन बोटे उंच ठेवावा. आपल्याला सवय आहे रोप खोल लावून माती लावण्याची. ती इथे घात करते. सांधा मातीत गेला की वरच्या वांग्याला स्वतःची मुळे फुटतात आणि सूत्रकृमीला हवे ते मिळते. हंगामाच्या शेवटी झाड उपटल्यावर वरच्या थरातल्या मुळांवर गाठी आणि खालची मुळे स्वच्छ असे दिसले, तर खुंट दोषी नाही, लागवड दोषी आहे. तसेच सांध्याखालून काटेरी फुटवा आला की तो लगेच खुडावा. नाहीतर महिन्याने शेतात वांग्याऐवजी रानवांग्याचीच बाग उभी राहते. कलमी रोप महाग पडते, म्हणून ते विरळ लावून फार काळ तोडणी घेण्याच्या वांग्यालाच परवडते; अडीच महिन्यांत संपणाऱ्या पिकाला नाही.

आणि काकडी-कलिंगडवाल्यांना एक सूचना. त्यांना भोपळ्याच्या खुंटावरची कलमे विकली जातात. हा खुंट मर रोगाला आवरतो, मुळे जोमदार देतो, थंडी सोसतो. पण सूत्रकृमीला तो बहुधा प्रतिकारक नसतो. मुळे दांडगी असल्याने वरचे वेल हिरवेगार दिसतात आणि खाली गाठी वाढतच असतात. त्या वर्षीचे पीक मिळते, पण पुढच्या वर्षाची माती आणखी बिघडते. काकडीच्या रानाला आज तरी झेंडू, उन्हाळी नांगरट आणि स्वच्छ रोपवाटिका एवढाच आधार आहे. रोपवाटिकेचा वाफा मात्र सोपा : एप्रिल-मेमध्ये भिजवून, वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून, कडा मातीने बुजवून, सहा आठवडे उन्हात तापवावा. सूत्रकृमी स्वतःच्या पायाने, म्हणजे अंगाने, वर्षभरात एखादा मीटरही चालत नाही. तालुक्यातून तालुक्यात तो जातो तो आपल्याच रोपांच्या ट्रेमधून आणि नांगराच्या फाळाला चिकटलेल्या चिखलातून.

त्या वीस गुंठ्यांत तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरअखेर अर्ध्यावर रानवांग्यावरचे कलमी वांगे आणि अर्ध्यावर ‘एन’ अक्षराचे टोमॅटो लावले. मार्चमध्ये टोमॅटो काढले तेव्हा प्रत्येक ओळीतली दोन-दोन झाडे खणून, बादलीत धुऊन, मुळांचे गुण वहीत लिहिले. आणि जून येताच सगळ्या रानात पुन्हा झेंडू.